किरायेदारांनो, बिल आलं की गुमान भरा

नागपुरात मनीषनगर असो की बेसा, किरायाने राहणाऱ्यांसाठी काही अनुभवाचे बोल सांगतो. मे महिन्याचं मेंटेनन्सचं बिल हातात आलं आणि ते 2,100 ऐवजी 4,000 निघालं, तर घाबरू नका. सोसायटीचं तुमच्यावर प्रेम वाढलं आहे, एवढंच समजा.

बिल कधीही पूर्ण वाचू नका. खालचा आकडा पाहा आणि स्कॅन करून भरा. मी वाचलं. जुन्या ओळी जागच्या जागी होत्या: सेवाशुल्क 1,400, लिफ्ट 300, पाणी 200, सिंकिंग आणि दुरुस्ती निधी 200. त्याखाली पेनाने तीन नव्या ओळी लिहिल्या होत्या: नॉन-ऑक्युपन्सी 600, कूलर पाणी 300, पेंटिंग 1,000.

नॉन-ऑक्युपन्सीबद्दल तर चकार शब्द काढू नका. मालक स्वतः राहत नाही, फ्लॅट किरायाने देतो, म्हणून सोसायटी त्याच्याकडून हे शुल्क घेते. ते किती घ्यावं याला राज्य सरकारने 2001 सालीच आदेश काढून मर्यादा घातली आहे: सेवाशुल्काच्या 10 टक्के, त्याहून जास्त नाही. त्यातही सेवाशुल्क म्हणजे पूर्ण बिल नव्हे. चौकीदार आणि सफाईवाल्याचा पगार, जिन्यातले दिवे, ऑफिसचा खर्च, एवढंच. लिफ्ट, पाणी, निधी आणि महापालिकेचा कर त्यात धरायचा नाही. 1,400 चे 10 टक्के 140 होतात. आमच्या सोसायटीत 600 होतात. मी सेक्रेटरी साहेबांना अदबीने विचारलं, तर म्हणाले, "भाऊ, किरायाने राहता अन् हिशेब मागून राहिले?" मी म्हटलं, मीटिंगमध्ये ठराव झाला असेल तर दाखवा. म्हणाले, "तुम्ही मेंबर नाही." हे मात्र खरं आहे, कागद पाहायचा हक्क मेंबरचा. पण साहेब, मी मेंबर नाही म्हणून ठराव दाखवत नाही, तर मेंबरवर लागणारं शुल्क माझ्याकडे कसं मागता? बिल मालकाच्या नावावर आहे, शुल्क मालकावर आहे. करारात ते मी भरीन असं लिहिलं असेल तर भरेन, तेही 140. आणि जनरल बॉडीने हात वर करून 600 मंजूर केले असले तरी ते चालत नाही, कारण सरकारी मर्यादा ठरावाने ओलांडता येत नाही!

माफ करा, सूचना देत होतो.

पेंटिंगचे हजारही आनंदाने द्या. बिल्डिंग तुमची नाही, पण भिंतीकडे बघता ना.

आता कूलर. नागपुरात मे महिन्यात कूलर लावणं ही चैन आहे, हे आधी मनाला पटवा. सोसायट्यांच्या आदर्श पोटनियमांत पाण्याचा खर्च फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि आकार पाहून वाटायचा असं म्हटलं आहे. माझ्या आणि शेजारच्या फ्लॅटचे नळ सारखेच आहेत. शेजारी घरमालक आहेत, म्हणून त्यांच्या बिलात ही ओळच नाही. सेक्रेटरी साहेबांच्या बाल्कनीत दोन कूलर आहेत. एकाची खालची नळी निघालेली असल्यामुळे आमच्या पार्किंगमध्ये दिवसभर पाणी टपकतं आणि गाड्यांच्या सीटवर पांढरे डाग पडतात. ते पाणी बहुधा वरून फुकट येतं.

आणि मालकाला फोन करा. ते पुण्यात असतात, प्रेमाने म्हणतात, "तुम्हीच बघून घ्या ना तिकडे." त्यांना सांगा की सोसायटीला लेखी अर्ज फक्त तेच करू शकतात आणि उत्तर आलं नाही तर सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडेही तेच जाऊ शकतात. यावर ते म्हणतील, नेटवर्क नाही.

पुरे झाला विनोद. कमिटीवाल्यांनो, किरायेदार भांडायला येत नाही, कारण त्याला अकरा महिन्यांनी करार वाढवून घ्यायचा असतो. हे तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच पेनाने ओळी वाढवता. घरमालक मेंबरांच्या बिलात एकदा असं करून दाखवा, रविवारच्या मीटिंगमध्ये खुर्च्या उडतील. आणि मालकांनो, किराया एक तारखेला वेळेवर हवा, पण तुमच्याच नावाचं बिल वाचायला वेळ नाही? पेंटिंगने भाव तुमच्या फ्लॅटचा वाढतो, माझा नाही. एक ईमेल लिहायला काय जातं तुमचं?

मी या महिन्यात 2,100 भरले आहेत आणि पावतीवर कशाकशाचे ते लिहून घेतलं आहे. उरलेल्या 1,900 चा हिशेब छापील बिलावर, सही-शिक्क्यानिशी आणि ठरावाच्या तारखेसह मालकाला पाठवा. नळीही बसवून घ्या.