पेन्शनीतला किराणा : गहू कमी करा, डाळ नव्हे

निवृत्तीनंतर भूक मंदावते, म्हणून किराणा यादीतला प्रत्येक जिन्नस सरसकट कमी करायचा, ही पद्धत इंदूरमधल्या आपल्या अनेक मराठी घरांत दिसते आणि ती मला मुळीच पटत नाही. हालचाल कमी झाली की ऊर्जेची गरज घटते, पण प्रथिनांची घटत नाही. उलट उतारवयात स्नायू झिजत असल्यामुळे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला निदान १ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे अनेक आहारतज्ज्ञ सांगतात. हातांचा टेका घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता येईनासे झाले, तर त्यामागे स्नायूंची झीज असू शकते.

आम्हा दोघांचे मिळून वजन ११५ किलोच्या आसपास आहे. त्यानुसार सियागंजातून महिन्याचे सामान भरताना आम्ही गहू १२ किलोंवरून ८ किलोंवर आणला, तांदूळ २ किलो ठेवला आणि डाळी-कडधान्ये मात्र २ किलोंची ४ किलो केली. त्यांच्या जोडीला १ किलो शेंगदाणे, अर्धा किलो सोयाबीनच्या वड्या आणि रोज १ लिटर दूध असते. यातून डाळी-कडधान्यांची सुमारे ३० ग्रॅम, दुधाची जवळपास तेवढीच, गहू-तांदळाची ३५ आणि शेंगदाणे-वड्यांची मिळून १५ ग्रॅम प्रथिने रोज दोघांच्या पोटात जातात, म्हणजे गरज जवळजवळ भागते. डाळींचा वाढीव खर्च गव्हात आणि शेव-फरसाणात वाचलेल्या पैशांतून बराचसा निघतो.

साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. खिचडीत जी असतात ती दाण्याच्या कुटाची. म्हणून उपवासाला साबुदाणा निम्मा घेऊन कूट वाढवावे. सकाळच्या पोह्यांवर शेवेऐवजी वाफवलेली मोड आलेली मटकी घातली, तर पोट तेवढेच भरते आणि प्रथिने सगळी रात्रीच्या वरणावर अवलंबून राहत नाहीत.

कमी माणसांच्या घरात मोठे पोते स्वस्त पडत नाही. पावसाळ्यात पिठाला जाळी धरते, म्हणून आम्ही आठ-दहा दिवसांपुरतेच दळण आणतो. शेंगदाणेही अर्ध्या अर्ध्या किलोनेच घेतो आणि घरी आल्यावर ताटात पसरून निवडतो. सुरकुतलेले, काळपट किंवा बुरशी धरलेले दाणे बाजूला काढून टाकावेच लागतात, कारण त्या बुरशीचे विष भाजल्यानेही पूर्ण जात नाही. चवीला कडू लागलेला दाणा गिळू नये, थुंकून टाकावा.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र ही यादी उचलू नये. त्यांना प्रथिने किती चालतील, हे डॉक्टरांनी तपासणीचा अहवाल पाहूनच ठरवायचे असते.