जगात खारट, ग्लासात अळणी

गोड कॉकटेलची एक मोठी सोय असते, ती म्हणजे त्यात कोणी नाक खुपसत नाही. संत्र्याच्या रसात काहीतरी मिसळून छत्री खोचून दिली की घरचे लोक मुकाट्याने पितात, कारण त्या विषयात आपल्याला गती नाही हे प्रत्येकाला मान्य असते. टोमॅटोच्या रसात मीठ, मिरी, लिंबू आणि तिखट घालून जो प्रकार होतो, तो मात्र दिसायला थेट साराचा सख्खा भाऊ असतो, आणि साराविषयी मत नसलेला माणूस दादरमध्ये अद्याप माझ्या पाहण्यात नाही.

माझा मेहुणा कॅल्गरीला राहतो. टोमॅटोच्या रसात व्होडका घालून होणारी ब्लडी मेरी ही त्याच्या लेखी कच्ची आवृत्ती आहे. त्याला हवे असते सीझर. हे पेय 1969 साली त्याच्याच गावातल्या एका हॉटेलात वॉल्टर चेल नावाच्या माणसाने बसवले. शिंपल्या घातलेली इटालियन स्पगेटी डोळ्यांसमोर ठेवून त्याने टोमॅटोच्या रसात शिंपल्यांचा अर्क मिसळला. कॅनडात हा मिश्र रस बाटलीत तयार मिळतो. मेहुणा रजेवर आला आणि "भावोजी, रविवारी सीझर करू या ना," असे म्हणून निर्धास्तपणे वर्तमानपत्र वाचू लागला. हे 'करू या' प्रत्यक्षात 'करा' असते, हे प्रत्येक जावयाला ठाऊक असते. सासऱ्यांनी तेवढ्यात परवान्याची चौकशी करून घेतली. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आहेत.

बाटली इथे मिळो न मिळो, शिंपल्यांसाठी मुंबईकराने हात पसरण्याचे कारण नाही. सिटीलाइटच्या बाजारातून तिसऱ्यांचे दोन वाटे आणले, मिठाच्या पाण्यात ठेवून त्यांना वाळू सोडू दिली आणि टिचकी मारूनही ज्यांनी तोंड मिटले नाही त्या टाकून दिल्या. उरलेल्या तिसऱ्या कपभर पाण्यात, झाकण लावून, मोठ्या आचेवर ठेवल्या की पाच-सहा मिनिटांत त्यांची तोंडे उघडतात आणि भांड्याच्या तळाशी किंचित दुधट, समुद्राचा वास असलेले पाणी जमते. ते मलमलच्या फडक्यातून गाळावे लागते, नाहीतर पाहुण्यांच्या दाताखाली चौपाटी येते.

हा खटाटोप कशासाठी, तर टोमॅटोत मुळात ग्लुटामेट भरपूर असते, म्हणजे ज्याला उमामी म्हणतात ती भरीव, तोंडात रेंगाळणारी चव. टोमॅटोच्या गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत भागात ते जास्त असते, त्यामुळे बिया काढून टाकणारा सुगरण माणूस नेमकी चवच कचऱ्यात टाकत असतो. शिंपल्यांत न्यूक्लिओटाइड जातीची द्रव्ये असतात, आणि ती ग्लुटामेटला भेटली की दोहोंची चव नुसती मिळवणी होऊन थांबत नाही, कितीतरी पटींनी वाढते. वूस्टर सॉसमधले आंबवलेले अँचोव्ही मासे ब्लडी मेरीत हेच काम करतात.

टोमॅटो मी कच्चे वाटत नाही. कच्चा टोमॅटो मिक्सरमधून काढला की त्यातली विकरे मोकळी होतात आणि रसाला घट्टपणा देणारे पेक्टिन तोडून टाकतात. मग तासाभराने भांड्यात चोथा एकीकडे आणि पिवळट पाणी दुसरीकडे, असे विभक्त कुटुंब दिसते. चिरलेल्या फोडी थोड्या थोड्या करून थेट तापलेल्या पातेल्यात टाकल्या आणि आच मोठी ठेवली, की विकरे काम सुरू करण्याआधीच निकामी होतात. मग गाळलेला रस एकजीव राहतो. असा लिटरभर रस आणि त्यात 200 मिली तिसऱ्यांचे पाणी एका जगात एकत्र केले.

खरा तंटा मिठावरून झाला. तिसऱ्यांच्या पाण्यातून चार-पाच ग्रॅम मीठ आलेच असेल असा अंदाज करून मी सपाट एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण सहा ग्रॅम, मीठ वरून घातले आणि बाकीचे वूस्टर सॉसवर सोडले. मेहुण्याने जगात चमचा बुडवला आणि "खारट झालंय, भावोजी," असा निकाल दिला. तो निकाल चमच्यापुरता अचूक होता. जगातले मिश्रण सुमारे एक टक्का खारट होते आणि तसेच असायला हवे होते, कारण ग्लासात 120 मिली मिश्रणाला 45 मिली व्होडका आणि 10 मिली लिंबू येऊन मिळते, शिवाय बर्फ वितळून आणखी 25 मिली पाणी होते. सव्वा ग्रॅम मीठ 200 मिलीत पसरले की प्रमाण 0.6 टक्क्यांवर येते, आणि तिथे ते बरोबर लागते. हा हिशेब मी सांगत असतानाच त्याने जगात पाव लिटर बिनमिठाचा रस ओतला. मग बायकोने तयार ग्लासातला घोट घेतला, "अळणी आहे," म्हणाली आणि मीठ ग्लासात न घालता जगात घातले. ते चाखून मेहुणा पुन्हा रसाच्या पातेल्याकडे वळला. दोघेही भावंडे आपापल्या जागी बरोबर होती, आणि जग काठोकाठ भरत चालला होता.

शेवटी जग मी फ्रिजमध्ये कोंडला आणि चाखण्याचे काम एकाच ग्लासात, बर्फ घालून, सुरू केले. गारव्यात टोमॅटोचा गोडवा मागे सरतो आणि आंबटपणा पुढे येतो, म्हणून कोमट रसाची चव पाहून ठरवलेले लिंबू ग्लासात नेहमी जास्त होते. त्यात आंबटामुळे मीठही वाढल्यासारखे भासते. तेव्हा आधी मीठ, मग लिंबू, आणि लिंबानंतर पुन्हा मिठाकडे हात न्यायचा नाही. ग्लासाच्या काठाला सेलरीचे मीठ लावायचे असेल, तर आतले मीठ आणखी किंचित कमी ठेवावे लागते, कारण पहिले घोट काठावरूनच येतात.

तिखट सर्वांत शेवटी घालावे. याला सासऱ्यांची हरकत होती. ते साताऱ्याचे असून स्वतःच्या हाताने केलेला ठेचा वाटीत घेऊन उभे होते. ठेच्यातल्या लसणापुढे तिसऱ्यांचा निभाव लागला नसता. शिवाय मिरचीतले कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दारूत विरघळते. व्होडका पडण्याआधी चाखलेले तिखट म्हणूनच विश्वासार्ह नसते. त्यात ते उशिरा जाणवते आणि घोटागणिक साठत जाते. पहिल्या घोटाला 'अजून थोडे चालेल' असे वाटणे हीच योग्य पातळी असते. सासऱ्यांना पहिल्या घोटाला तसे वाटले, त्यांनी स्वतःच्या ग्लासात अर्धा चमचा ठेचा ढवळला, आणि चौथ्या घोटाला "जावईबापू, पंखा वाढवा," एवढेच म्हणाले.

हे पेय खळखळून हलवायचे नसते, कारण त्याने रसाला फेस येतो आणि तो पातळ पडतो. टपरीवरचा चहावाला करतो तसे एका ग्लासातून दुसऱ्यात चार-पाचदा ओतले की पुरते. मेहुण्याने पहिला घोट घेतला आणि बराच वेळ काही बोलला नाही, ही त्याच्याकडून मिळणारी सर्वोच्च पावती आहे.

व्होडका ग्लासागणिक घातली असल्याने जगातला उरलेला रस निर्मळ होता, आणि भावाबहिणीच्या कृपेने तो लिटरभर उरला होता. सासूबाईंनी तो संध्याकाळी पातेल्यात ओतला, जिरे-कढीपत्त्याची फोडणी दिली, पळीभर चाखला आणि न विचारता सुपारीएवढा गूळ टाकला. गुळाने आंबट आणि खारट दोन्ही एका दमात वळणावर आले. "एवढा हिशेब मांडलात," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या कॅनडावाल्यांना गूळ सुचला नाही?"