वहिनी सही करत नाही, तेव्हा

नाटकातील मोठा विराम कुठे ठेवावा, याचे माझे उत्तर ठाम आहे: ज्याच्या होकारावाचून प्रसंग पुढे सरकूच शकत नाही, त्या पात्राला तो द्यावा आणि तो मोडण्याची पाळी दुसऱ्यावर आणावी.

आपल्या गोव्यातलेच उदाहरण घेऊ. वडिलोपार्जित घर विकायचे आहे. इथल्या दिवाणी कायद्यामुळे नवऱ्याच्या नावावरचे घरही सामान्यतः बायकोच्या सहीवाचून विकता येत नाही. धाकटा दीर विक्रीखताचा मसुदा समोर ठेवून म्हणतो, "वहिनी, इथे सही करा." यावर तिच्या तोंडी घराच्या आठवणींचे चार वाक्यांचे भाषण घालण्याचा मोह बहुतेक लेखकांना होतो, पण तिने काहीच बोलू नये. ती पेन उचलते, कागदाचे पहिले पान उलटते आणि वाचू लागते. नवरा खुर्चीत चुळबुळतो, दिराकडे पाहतो आणि शेवटी तोच बोलतो, "बयाणा घेतलाय मी." कोणी न विचारता गुपित बाहेर पडते, आणि ते तिच्या गप्प राहण्यानेच बाहेर काढलेले असते. हेच वाक्य तिच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आले असते, तर ती केवळ माहिती ठरली असती.

हा विराम टिकायचा, तर त्याआधीचे संवाद भरभर चालले पाहिजेत. किंमत, गिऱ्हाईक, सबरजिस्ट्रारकडची तारीख यांवर दोघे भाऊ एकमेकांचे वाक्य तोडत बोलत असतील, तरच अचानक पडलेला खंड प्रेक्षकाला जाणवतो. आधीचा प्रवेशच संथ असेल तर तो त्याच संथपणात विरून जातो. शिवाय "काय विचार करतेस?" हे नवऱ्याचे वाक्य निर्दयपणे कापावे, कारण जे प्रेक्षक स्वतः ओळखणार असतो ते त्यामुळे आयतेच सांगितले जाते.

संहितेत नुसते 'विराम' लिहून भागत नाही. नट तीन सेकंदांत घाबरतो, आणि उत्सवी नाटकांत विंगेतला प्रॉम्प्टर त्याच्याही आधी घाबरून पुढचे वाक्य पुरवतो (आणि ते तिसऱ्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू येते). म्हणून मी कृती लिहितो, "पान उलटते, वाचते, पेनचे टोपण पुन्हा लावते", आणि समासात "इथे प्रॉम्प्ट नको" अशी सूचना देतो. विरामाची लांबी मग त्या कृतीवरूनच ठरते. तालमीत हा विराम फसला की ते लगेच कळते: पाहणाऱ्यांची नजर वहिनीवरून सुटून विंगेकडे जाते. तसे झाले, तर सेकंद कमी करण्याआधी हातातले काम पुरेसे आहे का, ते पाहावे.

देवळाच्या मंडपात मात्र एवढ्यानेही भागत नाही. बंद नाट्यगृहातली शांतता तिथे मिळत नाही. बाहेर खाज्यांची दुकाने असतात, मुले पळत असतात. तिथे मी विराम लहान करतो आणि कृती मोठी: ती कागदांची घडी घालून ते दिराच्या हातात परत देते. मागच्या रांगेतल्या माणसाला टोपण दिसणार नाही, पण परत आलेले कागद दिसतील.