टर्म आणि मेडिक्लेमची गल्लत

"कंपनीचा मेडिक्लेम आहेच, आता एक टर्म विमा काढला की झालं ना?"

नाही. नोकरी सुटली की कंपनीचं कव्हरही सुटतं, म्हणून स्वतःचा मेडिक्लेम आधी.

वय 25, सिगारेट नाही असं धरा. 1 कोटीचा टर्म, साठीपर्यंत, वर्षाला साधारण 10 हजार. हप्ता शेवटपर्यंत तोच. पैसे मिळतात ते मृत्यूनंतर नॉमिनीला. साठी ओलांडली तर भरलेले साडेतीन लाख गेले. (पैसे परत देणारा टर्म एजंट आवर्जून सुचवेल, पण त्याचा हप्ता बराच जास्त असतो.) 5 लाखांचा मेडिक्लेम साधारण 7 हजार, पण वयानुसार वाढत जाणारा.

आता अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. चार दिवस, बिल 1,40,000. टर्ममधून शून्य. मेडिक्लेममधून सगळे? पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 5 हजार आहे आणि तुम्ही 8 हजारांची खोली घेतलीत, तर भाड्याच्या 32 हजारांपैकी 20 हजार मिळतील. खरी मेख पुढे आहे: डॉक्टर आणि ऑपरेशनचे 80 हजारही त्याच प्रमाणात कापून 50 हजार होतात. औषधांचे 28 हजार पूर्ण. हाती 98 हजार, खिशातून 42 हजार. म्हणून हप्त्याआधी खोलीभाड्याची अट वाचा.

आईवडील तुमच्या पगारावर असतील किंवा डोक्यावर कर्ज असेल तर टर्मही लगेच घ्या. दोन्ही नसेल तर तो लग्नापर्यंत थांबला तरी चालेल, फक्त हप्ता तेव्हाच्या वयाचा लागेल.