भिंगाचा आरसा आणि मंजिरीताईंचा राग

"तुमचा आरशावरचा लेख वाचला. म्हणे भिंगाचा आरसा चेहरा खोटा दाखवतो, तो आणि डोक्यावरचा झगझगीत दिवा टाळा. सोपं आहे हो म्हणायला. माझं वय त्रेपन्न. चाळिशी लावल्याशिवाय मला हनुवटीवरचा केस दिसत नाही, ऑफिसातल्या पोरींना मात्र तो बरोबर दिसतो. आरसा खोटं कुठे दाखवतो? आहे तेच मोठं करून दाखवतो. लोक चेहरा बघूनच मत बनवतात, तेव्हा 'स्वतःवर प्रेम करा' छापाचे सल्ले नकोत. कमी उजेडात मेकअप करून बाहेर उन्हात भूत दिसायचं का? मग काय, आरसा फेकून देऊ?" — मंजिरी, ठाणे

मंजिरीताई, आरसा मुळीच फेकू नका. हनुवटीच्या केसाबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. केस बारीक असला तरी तो काळा आणि लांब असतो, आणि आपल्या डोळ्याला ठिपक्यापेक्षा रेघ फार लवकर दिसते. खिडकीतून आडवा उजेड आला की हनुवटीवरचा एकटा केस टेबलापलीकडून दिसतो. तो काढावासा वाटणं यात वेडेपणा काही नाही. मी वर्षानुवर्षं नवऱ्यामुलींचे मेकअप करते, माझ्या पेटीत भिंगाचा आरसा असतोच.

पण त्या केसासाठी तुम्हाला खरं तर भिंगाची गरज नाही. साध्या आरशात आपली प्रतिमा आरशाच्या मागे, आपण जितके पुढे असू तितक्याच अंतरावर असते. आरसा वीतभर, म्हणजे साधारण 20 सेंटिमीटरवर धरला, तर डोळ्याला चेहरा 40 सेंटिमीटरवर दिसतो. वाचायचा चष्मा साधारण याच अंतरासाठी दिलेला असतो. चाळिशी नाकावर ठेवा, साधा हातातला आरसा वीतभर लांब धरा, खिडकीकडे तोंड करा आणि प्लकर चालवा. भुवयांना ही युक्ती चालत नाही, कारण चष्म्याची काडी आणि काच मध्ये येते. तिथे भिंगाचा आरसा कामाचा. तो आतून खोलगट असल्यामुळे प्रतिमा मोठी होते आणि डोळ्यापासून लांबही जाते, म्हणून चष्म्याशिवाय बरी दिसते.

आता मुद्दा 'आरसा खोटं दाखवत नाही' याचा. नाही दाखवत, मान्य. पण तो ज्या अंतरावरून दाखवतो, तिथे तुमच्यासमोर कोणी उभंच राहत नाही. निरोगी नजरेला एक मीटरवरून साधारण 0.3 मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखू येत नाही. नाकावरची बरीच छिद्रं त्याहून लहान असतात, त्यामुळे समोर बसलेल्या माणसाला ती एकेक करून दिसत नाहीत, सगळी मिळून एक त्वचा दिसते. भिंगाच्या आरशात मात्र प्रत्येक छिद्राला काठ असतो, तळ असतो, आत काहीतरी राखाडी बसलेलं असतं. ते बघितलं की हात वर जाणारच.

माझ्या भाचीचं सांगते, कारण हा प्रकार मी अगदी जवळून पाहिला आहे. पुण्यात नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली, तिथे बेसिनवर मोठा आरसा, त्याला जोडलेला फिरता भिंगाचा आरसा आणि छतात बरोबर डोक्यावर एक पांढराफटक एलईडी. तोवर तिला नाकाची तक्रार नव्हती. आता नाकावर बारीक ठिपक्यांची जाळी दिसायला लागली. तिने ठरवलं, ब्लॅकहेड्स आहेत. आधी चिकटपट्टी लावून ओढली, पट्टीवर बारीक काटे उभे राहिलेले बघून समाधान झालं. महिन्याभरात जाळी परत. मग रोज स्क्रब, मग नखांनी दाबणं. एके रात्री नाकपुडीच्या शेजारी इतकं दाबलं की सकाळी तिथे लाल गाठ होती. तीही दाबली. गाठ बसली, तिच्या जागी कॉफीच्या रंगाचा डाग उरला आणि तो पुसट व्हायला पावसाळा उलटून दिवाळी आली. मधल्या काळात तो झाकायला रोज कन्सीलर. कन्सीलर नाकपुडीच्या घडीत साचून पापुद्र्यासारखा दिसतो, मग त्यावर पावडर. म्हणजे ज्या गोष्टीने सुरुवात झाली ती कोणालाच दिसत नव्हती, आणि शेवटी जे झालं ते रिक्षावाल्यालाही दिसलं असतं.

त्या जाळीत बहुतेक ब्लॅकहेड्स नव्हतेच. तेलग्रंथीतून त्वचेवर तेल येतं, त्या वाटेवर तेल आणि मृत पेशींची एक बारीक बत्ती असते. ती प्रत्येकाच्या नाकावर असते, रंगाने राखाडी-पिवळट, सारख्या अंतरावर ओळीने मांडल्यासारखी. दाबली की पांढरट धागा निघतो आणि साधारण महिन्यात जागा परत भरते, कारण ती तिथे असायलाच हवी. खरा ब्लॅकहेड एकटादुकटा असतो, गडद काळा, हाताला किंचित उंच लागतो. त्याला सॅलिसिलिक अॅसिडचा फेसवॉश किंवा डॉक्टरांनी दिलेलं रेटिनॉइड, आणि धीर. वाफ घेऊन 'छिद्रं उघडतात' हाही गैरसमज. छिद्राला स्नायू नसतो, ते दारासारखं उघडत-मिटत नाही.

डागाचं मात्र आपल्या रंगाच्या लोकांनी जास्त मनावर घ्यायला हवं. गव्हाळ-सावळ्या त्वचेत सूज आली की रंगद्रव्य जास्त तयार होतं, म्हणून हात न लावलेली पुटकुळी आठवड्या-दीड आठवड्यात गेली तरी दाबलेलीचा डाग महिनोन् महिने राहतो. रंगद्रव्य खोल उतरलं तर डाग राखाडी-निळसर दिसतो आणि तो आणखी रेंगाळतो. इथे दुसरी चूक ठरलेली: कोणीतरी सांगितलेलं 'गोरं करणारं' मलम. त्यात स्टेरॉइड असलं तर आठ दिवस चेहरा लखलखीत दिसतो, आणि काही महिन्यांनी मलम थांबवताच चेहरा लाल होऊन जळजळतो. लग्नाच्या आधी असे चेहरे घेऊन आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्यावर मेकअप करायला मला भीती वाटते.

तुमचा उजेडाचा मुद्दा. कमी उजेडात मेकअप करा असं मी कधीच सांगणार नाही. उजेड भरपूर हवा, फक्त तो समोरून हवा. भिंतीला पुट्टी मारणारा कारागीर बल्ब भिंतीला चिकटवून आडवा धरतो, म्हणजे एकूण एक उंचवटा सावली टाकून उठून दिसतो. डोक्यावरचा दिवा चेहऱ्याशी हेच करतो. भुवईची सावली डोळ्याखालच्या खळग्यात पडते, नाकाची ओठावर, गालावरचं प्रत्येक छिद्र एका बाजूने काळं होतं. कारागिराला ती भिंत घासायची असते म्हणून तो तसं करतो. आपल्याला चेहरा घासायचा नाही.

डोळ्याखालची काळी वर्तुळं खरी किती आणि सावली किती, हे आत्ता तपासता येईल. बाथरूमच्या दिव्याखाली उभ्या राहा आणि पांढरा टॉवेल दोन्ही हातांनी हनुवटीखाली, छातीसमोर आडवा धरा. टॉवेलवरून उजेड उलटून चेहऱ्यावर येतो. जेवढा काळेपणा त्याने पुसला गेला तेवढी सावली होती. सावलीवर कन्सीलरचे थर चढवले तरी त्या दिव्याखाली ती जात नाही, म्हणून आपण आणखी लावतो, आणि बाहेर उन्हात डोळ्याखाली दोन पांढरे चंद्र दिसतात. तुम्ही म्हणता ते भूत असं तयार होतं.

दिवा बदलणं शक्य असेल तर आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर, एकेक दिवा लावून घ्या. खोक्यावर 4000 केल्विनच्या आसपास लिहिलेलं बघा. आपल्याकडे सर्रास मिळणारा 6500 केल्विनचा 'कूल डे-लाइट' निळसर असतो. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा सीआरआय हा आकडा 90 च्या वर असेल तर त्वचेतली लाली नीट दिसते, कमी असेल तर चेहरा आजारी दिसतो आणि आपण उगाच ब्लश वाढवत बसतो. भाड्याच्या घरात वायरिंग कोण करून देणार? मग खिडकीच्या चौकटीला एक साधा आरसा टांगा. मी तरी गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर आधी खिडकीच शोधते.

माझी सवय आता सांगते, पटली तर घ्या. चेहरा कसा दिसतो हे ठरवायला हातभर लांब साधा आरसा. 60 सेंटिमीटरवर उभं राहिलं की आपण स्वतःला 120 सेंटिमीटरवरून बघतो, म्हणजे ऑफिसच्या टेबलापलीकडचा माणूस बघतो तसं. तिथून जे दिसत नाही त्याला मी हात लावत नाही. भिंगाचा आरसा ड्रॉवरमध्ये असतो, भिंतीवर नाही. तो आठवड्यातून एकदा, दिवसा उजेडी निघतो आणि काढण्याआधी काम ठरलेलं असतं: भुवया, नाहीतर अप्परलिप. काम झालं की ड्रॉवर बंद. भुवया करताना दोन-तीन केस काढले की मोठ्या आरशात बघायचं, कारण भिंगात भुवईचा फक्त तुकडा दिसतो आणि दोन्ही बाजू सारख्या करता करता भुवई दोऱ्याएवढी होते. वर्षानुवर्षं उपटलेल्या जागी केस परत येईलच असंही नाही. रात्री दमलेलं असताना तर आरसा नकोच, भाचीची गाठ रात्रीचीच होती.

तुम्ही नवीन आरसा घेणार असाल तर तीनपट पुरे, फार तर पाचपट. दहापट आरशात नाक जवळजवळ काचेला टेकवावं लागतं आणि त्यात एका वेळी एक डोळा मावतो.

जवळून बघायच्या दोन-तीन गोष्टी मात्र खऱ्या आहेत. आकार किंवा रंग बदलणारा तीळ, रक्त येणारा किंवा महिना झाला तरी न भरणारा फोड, हे दिसलं तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. आणि हात थांबतच नसेल, जखमा होईपर्यंत चेहरा कोरला जात असेल, तर तो आजार आहे. मानसोपचारतज्ज्ञांकडे त्यावर उपचार आहेत, तिथे आरसा लपवून भागत नाही.

हनुवटीचे केस पाळी जाण्याच्या वयात थोडे वाढणं नेहमीचं आहे. ते अचानक राठ आणि दाट झाले, किंवा सोबत आवाज जड झाला, तर प्लकर बाजूला ठेवून आधी हार्मोन्सची तपासणी करून घ्या.