अंडरस्कोरचे पैसे

परवा पुन्हा बिल कापून आलं. मी दुबईत बसून अरबी इन्स्टा-पोस्टचं इंग्रजी करून देते, शब्दामागे पैसे, आणि मोजणी मूळ अरबीची, वर्डमधे जो आकडा दिसेल तो. आता वर्ड शब्द मोजतो ते मधली मोकळी जागा बघून. हॅशटॅगात मोकळी जागा चालत नाही म्हणून अरबीवाले अंडरस्कोर घालतात, #اليوم_الوطني_السعودي असं. सौदीचा राष्ट्रीय दिन, २३ सप्टेंबरचा. शब्द तीन, पण वर्डच्या लेखी एक.

अकाउंट्सला फोन लावला तर पलीकडे साताऱ्याकडचे गृहस्थ निघाले. मला वाटलं, चला, आपला माणूस, आता काम झालं.

"मॅडम, चिकटलेला म्हणजे एकच शब्द ना?"

"अहो साहेब, तीन शब्दांना अंडरस्कोरने बांधलंय."

"तेच म्हणतोय. बांधलेलं एकच. वर्डसुद्धा एकच म्हणतंय."

बरं, वर्ड म्हणेल ते प्रमाण, ठीक. पण मग लगेच म्हणतात, "आणि एका पोस्टमधे चार चित्रं शब्दांत धरली गेलीयेत, ती मी काढली." झालं होतं काय, लिहिणाऱ्याने इमोजींच्या मधे स्पेस दिली होती. स्पेस दिली की वर्ड इमोजीलाही शब्द मानतो, शब्दाला चिकटवला की मानत नाही. म्हणजे वर्ड माझ्या बाजूने बोलला की तो चुकीचा आणि यांच्या बाजूने बोलला की वेदवाक्य!

"चित्रं तुम्ही तशीच ठेवलीत, त्यात भाषांतर कुठे झालं?"

आता यांना काय सांगू. तशीच ठेवायची की नाही हे ठरवण्यातच निम्मा जीव जातो. रियाधमधल्या एका हॉटेलची पोस्ट होती, 'मंदी' नावाचा मटण-भात विकणाऱ्या. हिरवं हृदय 💚 ठेवलं कारण ते झेंड्याचं हिरवं आहे, तिथे लाल टाकलं तर राष्ट्रीय दिनाचा व्हॅलेंटाइन होतो. शेवटी गुलाब 🌹 होता, अरबीत तो नुसता अदबीचा, 'कृपया' म्हणून हात जोडावेत तसा, पण इंग्रजीत मटण-भाताखाली गुलाब आला की हॉटेलवाला गिऱ्हाइकाच्या प्रेमात पडलाय असं वाटतं. म्हणून काढला.

"काढला? मग एक शब्द कमी झाला की."

मी गप्प. पुढे यांचं लक्ष 7abibi वर गेलं. अरबी माणूस रोमन लिपीत टाइप करताना जे अक्षर रोमनमधे नाही त्याच्या जागी दिसायला जवळचा आकडा टाकतो, ح साठी 7, ع साठी 3. तर हे 'हबीबी', इंग्रजीत मी नीट habibi लिहिलं. साहेब म्हणाले, "मॅडम, सात कुठे गेले? सात प्लेटची ऑफर असेल ती. क्लायंट आमच्या नावाने ओरडेल." पाच मिनिटं मी या माणसाला पटवत होते की अबीबी नावाचा पदार्थ नसतो.

आणि खरा वेळ खाल्ला तो हॅशटॅगनेच. वाक्यात #SaudiNationalDay घातला, तोही तो टॅग लोक खरंच वापरतात का हे उघडून बघून, कारण शब्दशः केलेल्या टॅगवर कधीकधी चिटपाखरू नसतं. दर शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, म्हणजे अंध व्यक्तीचा स्क्रीन रीडर तो तोडून वाचतो. पण अरबीत शोधणाऱ्यांनाही पोस्ट सापडायला हवी, म्हणून क्लायंटला मूळ अरबी टॅगही हवा, आणि त्याच ओळीत ऑफर. मी टाइप केलं: आधी अरबी टॅग, मग 50% off.

```
#اليوم_الوطني_السعودي 50% off
```

बघा तुमच्या स्क्रीनवर. ओळ इंग्रजीसारखी डावीकडून मांडलेली असेल तर 50 उडी मारून टॅगच्या डावीकडे जातो, # त्याला जाऊन चिकटतो, आणि % पलीकडे एकटा उभा. अरबी उजवीकडून डावीकडे, इंग्रजी उलट, आणि अरबी अक्षरांमागोमाग आलेला आकडा त्यांच्याच गटात धरला जातो. टाइप केलेला क्रम बरोबरच असतो, पण दिसताना #50. यावर उपाय म्हणजे टॅगनंतर स्पेस देऊन, आकड्याच्या आधी U+200E ही न दिसणारी खूण टाकायची, म्हणजे 50 ला कळतं की आपण इंग्रजीवाले. पण ती खूण कॉपी-पेस्टमधे कुठेतरी गळते, म्हणून पोस्ट चढल्यावर फोनवर पुन्हा बघावं लागतं. हे सगळं मी साहेबांना फोनवर समजावलं, अगदी कळकळीने.

"खूण दिसत नाही म्हणता?"

"नाही दिसत."

"मग बिलात कशी दाखवू मॅडम?"

चिडून मेल टाकला, यापुढे शब्दामागे नको, पोस्टमागे ठरावीक रक्कम घेईन. काल उत्तर आलं, मंजूर आहे, फक्त हॅशटॅग आणि इमोजी पोस्टमधे धरले जाणार नाहीत.