एकदाच चालणारा कार्ड नंबर: ग्रुपवर फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

> सावधान! ऑनलाइन खरेदीसाठी बँक जो एकदाच चालणारा व्हर्च्युअल कार्ड नंबर देते, तो तुमच्या खऱ्या कार्डाचाच नंबर असतो, फक्त अंक उलटसुलट केलेले. हॅकर दहा मिनिटांत मूळ नंबर काढतो. एकदा वापरला की तो नंबर बँकेतून कायमचा पुसला जातो, म्हणून वस्तू परत केली तर पैसे बुडालेच. आणि ओटीपी येतोच, मग हे नाटक कशाला? जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा संदेश या महिन्यात तिसऱ्यांदा आला आणि खाली नेहमीप्रमाणे हात जोडलेले पंधरावीस इमोजी उमटले. महापे येथील एका कार्ड प्रक्रिया केंद्रात मी काही वर्षे काम केले आहे. हे नंबर जिथे तयार होतात त्या प्रणालीच्या तक्रारी आमच्याच टेबलावर येत असत, त्यामुळे संदेशातील विधाने ज्या क्रमाने आली आहेत त्याच क्रमाने त्यांची उत्तरे देते.

पहिल्या विधानासाठी नंबर नेमका कसा जन्माला येतो ते पाहावे लागेल. आपण ॲपमध्ये रक्कम भरून बटण दाबतो तेव्हा मोबाइल स्वतः काहीच बनवत नाही. तो फक्त बँकेच्या सर्व्हरकडे मागणी पाठवतो. कार्डावरचे सुरुवातीचे सहा किंवा आठ अंक कोणत्या बँकेचे आणि कोणत्या प्रकारचे कार्ड आहे हे सांगतात, आणि या व्यवसायात त्यांना ‘बिन’ म्हणतात. बँकेने व्हर्च्युअल कार्डांसाठी सहसा वेगळी बिन किंवा बिनमधला वेगळा पट्टा राखून ठेवलेला असतो. सर्व्हर त्या पट्ट्यातला कोणालाही न दिलेला एक क्रमांक यदृच्छेने उचलतो, तो आधी वापरात नाही ना हे तपासतो आणि शेवटी एक तपासणी अंक जोडतो. समजा, नंबर असा निघाला (हा केवळ उदाहरणासाठी रचलेला आहे):

```
4000 0012 5830 4765
```

यातले पहिले आठ अंक बिनचे आहेत, नंतरचे सात, म्हणजे ५८३०४७६, यदृच्छेने आलेले आहेत, आणि शेवटचा ५ हा हिशेबाने आलेला आहे. हा हिशेब आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी शोधला आणि त्याचे पेटंट त्यांना १९६० मध्ये मिळाले. पद्धत कागदावर करता येईल इतकी सोपी आहे. सोळा अंकी नंबरात डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक दुप्पट करायचे, दुप्पट दोन अंकी आली तर तिचे दोन अंक मिळवून एक करायचे, उरलेले अंक आहेत तसेच घ्यायचे, आणि सगळ्यांची बेरीज दहाने भागली गेली पाहिजे. वरच्या नंबरात दुप्पट केलेल्या अंकांची बेरीज २८ होते, शेवटचा अंक सोडून उरलेल्यांची १७, म्हणजे एकूण ४५. पन्नास पूर्ण करायला ५ हवेत, म्हणून शेवटी ५. आता ५८३० ऐवजी ५८०३ लिहून पाहा. बेरीज ४७ येईल आणि खरेदीचे पान तो नंबर बँकेपर्यंत जाण्याआधीच नाकारील. अंक मनास येतील तसे उलटसुलट करून चालणारा नंबर मिळाला तर तो योगायोगच म्हणायचा.

ज्यांना हिशेबाचा कंटाळा आहे त्यांनी दोन नंबर लागोपाठ मागवावेत आणि खऱ्या कार्डाशेजारी ठेवून त्यांत किती सात, किती तीन आहेत ते मोजावे. अंक तेच आणि फक्त जागा बदललेल्या असत्या तर तिन्ही नंबरांत प्रत्येक अंक तितक्याच वेळा आला असता.

दहा मिनिटांचा मुद्दा इथेच निकालात निघतो. व्हर्च्युअल नंबर आणि खरे खाते यांचा संबंध कुठल्याही सूत्रात नसतो, तो बँकेच्या संरक्षित तक्त्यातल्या एका ओळीत असतो. त्या ओळीत नंबर, तो कोणत्या खात्याला जोडला आहे, कमाल रक्कम, मुदत, किती वेळा चालेल आणि सध्याची स्थिती इतके लिहिलेले असते. ओळ हाती नसेल तर नंबराकडे कितीही वेळ पाहिले तरी त्यातून खाते निघत नाही, कारण ते त्यात नाहीच. कोट ठेवायला दिल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यावरून कोटाचा रंग सांगता येत नाही, तसेच हे. काही प्रणाली तक्त्याऐवजी मूळ नंबराचे कूटलेखन करून तितक्याच अंकांचा दुसरा नंबर काढतात, हे खरे आहे, आणि तिथे उलट प्रवास तत्त्वतः शक्य असतो. पण त्यासाठी लागणारी किल्ली एचएसएम नावाच्या सीलबंद यंत्रात राहते आणि ते यंत्र उघडायचा प्रयत्न झाला की किल्ली स्वतःच पुसून टाकते.

मागच्या बाजूचे तीन अंक, म्हणजे सीव्हीव्ही, याच यंत्रात तयार होतात. नंबर, मुदत आणि एक ठरावीक तीन अंकी संकेत यांवर बँकेच्या गुप्त किल्लीने प्रक्रिया करून ते काढले जातात आणि व्यवहाराच्या वेळी यंत्र तेच गणित पुन्हा करून ताडून पाहते. म्हणून व्हर्च्युअल कार्डाचा सीव्हीव्ही खऱ्या कार्डापेक्षा स्वतंत्र असतो, आणि एकाचा कळला म्हणून दुसऱ्याचा कळत नाही.

आता रिफंड. संदेशातला हा भाग मला सर्वांत त्रासदायक वाटतो, कारण यामुळे लोक परत करण्याजोगी वस्तूही घरात ठेवून घेतात. व्यवहार मंजूर झाला की तक्त्यातली ओळ पुसली जात नाही. तिची स्थिती ‘नवा खर्च बंद’ अशी होते. पुसणे बँकेला परवडणारच नाही, कारण मंजुरी म्हणजे अजून पैसे गेले असे नव्हे. मंजुरीच्या वेळी रक्कम फक्त अडवून ठेवली जाते. दुकानदाराच्या बँकेकडून प्रत्यक्ष वसुलीची नोंद सहसा एकदोन दिवसांनी येते आणि तिच्यावर तोच व्हर्च्युअल नंबर असतो. ओळ नसती तर ही वसुलीसुद्धा कोणाच्या खात्यात टाकायची हे बँकेला कळले नसते. पुढे ग्राहकाने व्यवहारावर हरकत घेतली तर तीही याच ओळीवरून चालते.

आमच्या मजल्यावरच्या काकूंचे उदाहरण ताजे आहे. त्यांनी व्हर्च्युअल नंबराने १,६४० रुपयांचा पडदा मागवला, रंग वेगळा निघाला म्हणून परत पाठवला, आणि ग्रुपवरचा हा संदेश वाचून पैसे गेले असे धरून बसल्या. दुकानदाराने रिफंड टाकल्यावर तो व्हर्च्युअल नंबरावरच निघाला, कार्ड नेटवर्कने बिन पाहून तो त्यांच्या बँकेकडे पाठवला, बँकेने ओळ शोधली आणि रक्कम त्यांच्या मूळ क्रेडिट कार्ड खात्यात जमा केली. त्या मात्र ॲपमध्ये व्हर्च्युअल कार्डाच्या यादीत शोधत होत्या, आणि तिथे संपलेले कार्ड दिसतच नव्हते. मूळ कार्डाचे स्टेटमेंट उघडल्यावर १,६४० ची जमा सापडली. रिफंड खरोखरच अडकला असे वाटले तर दुकानदाराकडे त्या रिफंडचा एआरएन मागावा. हा २३ अंकी क्रमांक असतो आणि तो दिला की बँकेला नोंद शोधता येते. दुकानदार एआरएन देऊ शकत नसेल तर बहुधा त्याने रिफंड अजून पाठवलेलाच नसतो.

ओटीपीचा प्रश्न मात्र रास्त आहे. देशांतर्गत ऑनलाइन कार्ड व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून दुसरी पडताळणी सक्तीची केली. त्यातच १ ऑक्टोबर २०२२ पासून इथल्या दुकानदारांना कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवता येत नाही, ते टोकन ठेवतात. (टोकन आणि व्हर्च्युअल नंबर एकच समजू नयेत: टोकन एका कार्डासाठी एका दुकानापुरते असते आणि ग्राहक ते कधी टाइप करत नाही.) त्यामुळे भारतीय दुकानात ओटीपी देऊन खरेदी करणाऱ्याला व्हर्च्युअल नंबराने थोडेच जास्त मिळते, हे मी मोकळेपणाने मान्य करते. फरक पडतो तो परदेशी संकेतस्थळांवर. तिथे अनेकदा नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही इतक्यावरच व्यवहार होतो आणि नंबर त्यांच्याकडे साठवलाही जातो. तो पुढे चोरीला गेला तर चोराच्या हाती खर्च बंद झालेली ओळ येते.

याच परदेशी खरेदीत या नंबराची खरी अडचणही आहे, जिच्याबद्दल संदेशात अवाक्षर नाही. ऐरोलीतील माझ्या भाच्याने एका परदेशी संकेतस्थळावर अभ्यासक्रमाची फी भरण्यासाठी ६,००० रुपये मर्यादेचा एकदाच चालणारा नंबर काढला. संकेतस्थळाने कार्ड जिवंत आहे का हे पाहण्यासाठी आधी एका डॉलरची मंजुरी घेतली. बँकेच्या प्रणालीने तोच ‘एक व्यवहार’ मोजला, नंबर बंद झाला, आणि लगेच मागे आलेली फीची खरी मागणी नाकारली गेली. त्याला वाटले मर्यादा कमी पडली, म्हणून त्याने जास्त रकमेचा दुसरा नंबर काढला आणि तोही तसाच वाया गेला. खूण एसएमएसमध्ये होती: आधी एका किरकोळ रकमेची मंजुरी आणि काही सेकंदांत मोठ्या रकमेचा नकार. असे दिसले की मर्यादा वाढवून उपयोग नसतो. एकदाच चालणाऱ्याऐवजी त्याच दुकानापुरता, मर्यादा आणि मुदत घातलेला पण अनेकदा चालणारा नंबर बँक देत असेल तर तो घ्यावा. एका ऑर्डरचे दोन पार्सल करून प्रत्येक पार्सलचे पैसे पाठवतेवेळी वेगळे घेणाऱ्या दुकानांतही दुसरी वसुली अशीच अडते.

हॉटेलच्या काउंटरवर किंवा ज्या कार्डाने तिकीट काढले ते कार्ड दाखवा असे सांगितले जाते तिथे हा नंबर वापरू नये. तिथला माणूस बुकिंगवरचे शेवटचे चार अंक तुमच्या हातातल्या कार्डाशी ताडून पाहतो, आणि ते जुळणार नाहीत.